विश्लेषण : वयात येताना इन्सुलिनचा डोस का वाढतो? 'काय खाल्लंस?' हा प्रश्न चुकीचा का ठरतो?

सकाळचे सहा वाजले आहेत. ग्लुकोमीटरवर आकडा येतो २२५. रात्री झोपताना तो १३८ होता. मधल्या आठ तासांत मुलीने पाण्याशिवाय काहीही घेतलेले नाही. तरीही स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न येतोच, 'खरं सांग, रात्री उठून काय खाल्लंस?'

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या घरात अकराव्या-बाराव्या वर्षापासून हा प्रसंग वारंवार घडतो. दोन-तीन वर्षे एका डोसवर व्यवस्थित चाललेली साखर अचानक हाताबाहेर जाते. डॉक्टर डोस वाढवतात, महिन्याभरात तोही अपुरा पडतो. आईवडिलांना वाटते, मुलगी चोरून खाते आहे किंवा आजार बळावला आहे. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच झालेले नसते. मुलगी मोठी होत असते, आणि त्या मोठे होण्यासाठी तिच्या शरीराला जास्त इन्सुलिन लागत असते. हे घराने आणि दवाखान्याने वेळेत समजून घेतले नाही, तर त्याची किंमत ते मूल मोजते.

डोस किती वाढतो?

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. त्यामुळे सगळे इन्सुलिन बाहेरून द्यावे लागते. मुलांमध्ये हा डोस वजनाच्या हिशेबात मोजला जातो. निदानानंतरचे काही महिने शरीरात थोडे इन्सुलिन तयार होत राहते, तेव्हा दिवसाला किलोमागे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी पुरते. तो काळ सरल्यावर, पण वयात येण्याआधी, ०.७ ते १ युनिट लागते. वयात येताना ही गरज १ युनिटच्या पुढे जाते आणि काही मुलांमध्ये २ युनिटपर्यंत पोहोचते. मुलांच्या मधुमेहावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हीच श्रेणी दिलेली आहे.

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक नमुना उदाहरण घेऊ. ११ वर्षांच्या एका मुलीचे वजन ३० किलो आहे आणि तिला दिवसभरात मिळून २२ युनिट लागतात, म्हणजे किलोमागे साधारण ०.७३ युनिट. साडेतेराव्या वर्षी तिचे वजन ४२ किलो होते. केवळ वजनाच्या प्रमाणात डोस वाढला असता, तर तो ३१ युनिटच्या आसपास थांबायला हवा होता. प्रत्यक्षात तिला ५० युनिट लागू लागतात, किलोमागे जवळपास १.२. म्हणजे वाढलेल्या २८ युनिटपैकी फक्त ९ युनिट वजनाचे आहेत. उरलेले १९ युनिट कुठून आले, हाच खरा प्रश्न आहे. घरोघरी त्याचे उत्तर 'खाण्यातून' असे गृहीत धरले जाते.

हे १९ युनिट कशासाठी लागतात?

वयात येण्याच्या काळात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, मोठ्या प्रमाणात सोडते. हाडे लांब होतात, स्नायू भरतात ते त्यामुळेच. मात्र हेच संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने ओढते. ते साठलेली चरबी वितळवून रक्तात सोडते, त्यामुळे स्नायू साखर कमी उचलतात. यकृताकडूनही ते जास्त साखर सोडवून घेते. इन्सुलिन तेवढेच असले, तरी त्याचे काम कमी होते. यालाच इन्सुलिन रोध म्हणतात.

हे मधुमेह नसलेल्या मुलांमध्येही घडते. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिले. मुलांना शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन द्यायचे आणि साखर खाली जाऊ नये म्हणून सोबत ग्लुकोज द्यायचे, अशी ती पद्धत होती. ग्लुकोज जितके कमी लागेल, तितके इन्सुलिन कमी परिणामकारक. वयात येणाऱ्या निरोगी मुलांमध्येही इन्सुलिनचा परिणाम लहान मुलांपेक्षा आणि प्रौढांपेक्षा कमी आढळला. मधुमेह असलेल्यांमध्ये तो आणखी कमी होता. १९९९ मध्ये अमेरिकेतच ३५७ मुलांवर झालेल्या अभ्यासातून दिसले की, हा रोध वयात येण्याच्या सुरुवातीलाच चढू लागतो, मध्यावर सर्वाधिक असतो आणि शारीरिक वाढ पूर्ण होताना पुन्हा जवळजवळ पूर्वपदावर येतो.

फरक एवढाच की, निरोगी मुलाचे स्वादुपिंड गरज ओळखून आपोआप जास्त इन्सुलिन सोडते. कुणाला कळतही नाही. टाइप १ असलेल्या मुलाचे तेच वाढीव इन्सुलिन कुणीतरी सिरिंजमध्ये भरावे लागते, आणि म्हणून ते आकडा होऊन सगळ्यांना दिसते. वर्गातल्या शेजारच्या बाकावरील मुलीच्या शरीरातही इन्सुलिन वाढलेलेच असते. तिला फक्त कुणी 'काय खाल्लंस?' असे विचारत नाही.

टाइप १ मध्ये याला आणखी एक पदर आहे. निरोगी शरीरात इन्सुलिन स्वादुपिंडातून थेट यकृताकडे जाते. यकृत त्याच्या मदतीने आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक तयार करते. तो रक्तात पुरेसा झाला की पिट्युटरीला संदेश जातो, 'आता पुरे'. इंजेक्शनचे इन्सुलिन त्वचेखालून संपूर्ण शरीरात पसरते, यकृताला त्याचा मोठा वाटा मिळत नाही. त्यामुळे आयजीएफ-१ कमी तयार होते, 'पुरे'चा संदेश दुबळा पडतो आणि पिट्युटरी ग्रोथ हार्मोन सोडत राहते. म्हणून या मुलांमध्ये रोध इतरांपेक्षा अधिक असतो. अशा वेळी डोस कमी ठेवला तर हे चक्र आणखी घट्ट होते.

सकाळचीच साखर का वाढते?

ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखे स्रवत नाही. ते लाटांमध्ये येते आणि मोठ्या लाटा गाढ झोपेत येतात. त्याचा परिणाम काही तासांनी, पहाटे दिसतो. त्यामुळे झोपताना चांगली असलेली साखर तीन वाजेपर्यंत जागेवर राहते आणि तीन ते सहाच्या दरम्यान चढते. डॉक्टर याला 'डॉन फिनॉमिनन', म्हणजे पहाटेची वाढ म्हणतात.

मात्र सकाळचा २२५ हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. संध्याकाळच्या जेवणाआधीचे इन्सुलिन कमी पडले असेल, तर साखर झोपतानाच वाढलेली असते आणि तशीच सकाळपर्यंत राहते. मध्यरात्री साखर खूप खाली गेली आणि मुलीने अर्धवट झोपेत काही गोड खाल्ले, तरी सकाळी आकडा मोठा दिसतो. पहिल्या कारणात संध्याकाळचे इन्सुलिन वाढवायचे, दुसऱ्यात रात्रीचे कमी करायचे, तर पहाटेच्या वाढीत रात्रीचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन वाढवायचे असते. आकडा एकच, उपाय तीन. म्हणून डोस बदलण्याआधी दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी तीनदा तपासणी करावी लागते. त्वचेवर लावायचा ग्लुकोज सेन्सर असेल तर हाच आलेख आपोआप मिळतो. नसेल, तर तीन वाजताचा गजर आणि तीन पट्ट्या एवढ्यावर काम भागते.

डोस प्रत्यक्षात कसा बदलतो?

उदाहरणातील मुलगी साडेबारा वर्षांची असताना तिचे वजन ३६ किलो होते आणि एकूण डोस ३४ युनिट. त्यातील १४ युनिट रात्री घ्यायचे, चोवीस तास हळूहळू काम करणारे बेसल इन्सुलिन होते. उरलेले २० युनिट जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचे होते. चार दिवस सकाळचे आकडे २१०, २३२, १९८ आणि २२५ आले. झोपतानाचे आकडे १३० ते १४५ होते. पहाटे तीनला दोन रात्री तपासले, तेव्हा १५० आणि १६५ मिळाले. रात्री साखर खाली गेली नव्हती, ती तीननंतरच चढत होती. म्हणजे ही पहाटेची वाढच.

डॉक्टरांनी बेसल १४ वरून १६ केले आणि तीन दिवस थांबायला सांगितले. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण अशा इन्सुलिनचा पूर्ण परिणाम स्थिरावायला दोन-तीन दिवस लागतात. रोज आकडा पाहून रोज डोस बदलला, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळेनासे होते. तीन दिवसांनी सकाळी साखर १८५ होती. बेसल १८ केले. सकाळची साखर १५० वर आली, पण एका रात्री दोन वाजता ७२ निघाली.

या उपायाची मर्यादा इथे दिसते. बेसल इन्सुलिन रात्रभर जवळपास सारखे काम करते, मुलीची गरज मात्र मध्यरात्री कमी आणि पहाटे जास्त असते. पहाटेसाठी डोस आणखी वाढवला, तर मध्यरात्री साखर पडेल. इन्सुलिन पंपावर पहाटेच्या तीन तासांसाठी वेगळा दर लावता येतो, रात्रीच्या एका इंजेक्शनने ते जमत नाही. त्यामुळे बेसल १७ वर ठेवून सकाळी उरलेली वाढ नाश्त्याआधीच्या इन्सुलिनने भरून काढायचे ठरले.

जेवणाआधीचे इन्सुलिन ठरवण्यासाठी एक सोपा अंदाज वापरतात. ५०० या आकड्याला दिवसाच्या एकूण डोसने भागले, की एका युनिटमागे किती ग्रॅम कर्बोदके चालतील ते मिळते. एकूण डोस २२ असताना हे उत्तर सुमारे २३ ग्रॅम होते. डोस ५० झाल्यावर ते १० ग्रॅमवर आले. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि थोडा भात असा साधारण ६० ग्रॅम कर्बोदकांचा डबा घेऊ. अकराव्या वर्षी त्याला अडीच युनिट पुरत होते. साडेतेराव्या वर्षी त्याच डब्याला सहा युनिट लागतात. डबा बदललेला नाही, पथ्य मोडलेले नाही. जुन्या चिठ्ठीवरचे प्रमाण मात्र शिळे झाले आहे.

वाढलेली साखर खाली आणण्याच्या हिशेबालाही हेच लागू होते. जलद इन्सुलिनसाठी १८०० ला एकूण डोसने भागतात. २२ युनिट असताना एक युनिट साखर सुमारे ८२ ने उतरवत होते, ५० युनिट असताना ते फक्त ३६ ने उतरवते. घरात दोन वर्षांपूर्वीचाच तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असेल, तर २५० ची साखर १२० वर आणायला दीड युनिट दिले जाईल. प्रत्यक्षात साडेतीन लागतील. हे सूत्र सुरुवातीचा अंदाज देते. नेमका आकडा त्या मुलाच्या नोंदी पाहून डॉक्टरांसोबतच ठरवायचा असतो.

प्रत्येक वाढ वयात येण्याचीच असते का?

नाही, आणि ही गल्लतही महागात पडते. डोस वाढवण्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, इंजेक्शनची जागा. रोज एकाच ठिकाणी टोचले, तर तिथे चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही म्हणून मुले तीच जागा निवडतात. पण गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषले जाते. पोटावर आणि मांडीवर हात फिरवून ती जाणवते. अशा वेळी जागा बदलावी लागते. मात्र वाढवलेला डोस तसाच नव्या जागी दिला, तर तो पूर्ण शोषला जाऊन साखर धोकादायकपणे उतरू शकते. जागा बदलताना डोस कमी करण्याबाबत डॉक्टरांना विचारणे म्हणूनच आवश्यक असते.

दुसरी, इन्सुलिन स्वतः. उन्हात, गाडीत किंवा फ्रीझरमध्ये राहिलेली बाटली दिसायला तशीच असते, पण तिचा जोर गेलेला असतो. नवी बाटली उघडताच साखर सुधारली, तर कारण तिथेच सापडते.

तिसरी, सिरिंज. भारतात एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर मुलाला अर्ध्याहून कमी डोस मिळतो. उलट चूक झाली तर अडीचपट डोस जातो. डोस वाढताना अनेक घरांत बाटलीवरून पेनवर बदल होतो, आणि अशी चूक त्याच वेळी होण्याची शक्यता असते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मूल डोस चुकवत असू शकते. शाळेत सगळ्यांसमोर टोचून घ्यायला संकोच वाटतो, मित्रांसोबत वडापाव खाताना इन्सुलिन राहून जाते. काही मुले, विशेषतः मुली, वजन उतरावे म्हणून मुद्दाम डोस टाळतात. एकूण डोस किलोमागे दीड युनिटच्या पुढे गेला, तरी साखर हलत नसेल आणि वजन घटत असेल, तर सांगितलेला डोस खरोखर शरीरात जातो आहे का, हे आधी पाहावे लागते. साखर २५० च्या वर आणि सोबत उलटी, पोटदुखी किंवा धाप असेल, तर लघवीच्या पट्टीवर कीटोन तपासून लगेच रुग्णालय गाठायला हवे. मूल जेवत नसले, तरी अशा वेळी बेसल इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

घरातील प्रश्न बदलायला का हवा?

डोस चुकवला जात असेल, तर ते मुलाने सांगायला हवे. ते सांगण्याची वाट 'काय खाल्लंस?' हा प्रश्न बंद करतो. काहीही न खाता २२५ आलेल्या मुलीला आठवड्यातून चार वेळा खोटे ठरवले, की ती दोन गोष्टी शिकते. खरे सांगून उपयोग नाही, ही एक. वहीत १४० लिहिले की सकाळ शांत जाते, ही दुसरी. मग डॉक्टरांसमोर जाणारी वही नीटस असते आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी मात्र १० येते. खोट्या आकड्यांवरून डोस ठरवता येत नाही. त्यामुळे डोस कमीच राहतो, साखर चढीच राहते आणि दीर्घकाळ तसे चालले तर मुलाची वाढही मंदावू शकते. पुढे डोळे आणि मूत्रपिंडांना जो धोका संभवतो, त्याची सुरुवात याच वर्षांत होते.

घरात प्रश्न बदलून 'झोपताना किती होती?' असा करता येतो. त्यात आरोप नाही आणि उत्तरातून डोस ठरवण्याची माहिती मिळते.

जबाबदारी फक्त आईवडिलांवर टाकणेही बरोबर नाही. तीन महिन्यांनी भेट आणि चिठ्ठीवर एक ठरलेला आकडा, ही पद्धत आठ वर्षांच्या मुलासाठी एकवेळ चालते. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंच होणाऱ्या मुलासाठी ती पुरत नाही, कारण पुढच्या भेटीआधीच तो आकडा जुना होतो. अशा घराला आकड्याबरोबर तो बदलण्याचा नियमही द्यायला हवा. किती दिवस सलग, कोणत्या वेळची साखर, किती वर राहिली तर कोणते इन्सुलिन किती युनिटने वाढवायचे, आणि कोणत्या आकड्याला थांबून फोन करायचा, हे अर्ध्या पानात मराठीत लिहून देता येते. ते शिकवायला दवाखान्यात अर्धा तास जास्त लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत तोच मिळत नाही. परिचारिका किंवा मधुमेह शिक्षक हे काम करू शकतात. ती सोय हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.

वाढलेला डोस पुन्हा कमी होतो का?

बहुतेकांचा होतो. मुलींमध्ये गरज साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान झपाट्याने वाढते, मुलग्यांमध्ये दोनेक वर्षे उशिरा. पाळी सुरू झाल्यावर काही मुलींना दर महिन्याला पाळीआधीचे काही दिवस थोडे जास्त इन्सुलिन लागते आणि पाळी आली की कमी. उंची वाढणे थांबले की ग्रोथ हार्मोनचा जोर ओसरतो आणि इन्सुलिन पुन्हा चांगले काम करू लागते. उदाहरणातील मुलगी १७ व्या वर्षी ५० किलोची होते, तेव्हा तिला ४५ युनिट पुरतात, किलोमागे ०.९.

हा उतार ओळखणेही तितकेच गरजेचे आहे. चढताना सगळ्यांचे लक्ष असते. उतरताना डोस तसाच राहिला, तर साखर वारंवार ७० च्या खाली जाते, ती सावरण्यासाठी मूल सारखे खात राहते आणि वजन वाढते. तेव्हाही घरात विचारले जाते, 'इतकं का खातेस?' त्या वेळी ती जास्तीच्या इन्सुलिनमागे धावत खात असते, आणि कमी करायची गोष्ट ताटात नसते, सिरिंजमध्ये असते.